चार हजार किलो वाख, सहा हजार किलो दोर

बोरी अरबच्या बायांच्या दोर सोसायटीची पंचफुला अध्यक्ष होती. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडायचे, मग वाख, म्हणजे अंबाडीचे धागे, विंचरायला बसायचं. प्रौढ वर्गात ती अक्षरं शिकली आणि तेव्हापासून वाचल्याशिवाय सही करीना.

चौसष्ट साली दहा बायांसाठी कर्जाची योजना विकास गटाच्या सरकारी कचेरीतल्या वामनरावांनी लिहून आणली. फक्त सही राहिली होती. पंचफुलानं पानं मांडीवर पसरली.

"बेरजा दोनदा तपासल्या, पंचफुलाबाई."

"बेरजा बरोबर हायेत, साहेब. पानं एकमेकाले ओळखत नाहीत."

वामनराव हसले. "म्हणजे?"

"इथं लिवलं, नाल्याले आठ महिने पानी, म्हून अंबाडी कुजवनं अन् काम आठच महिने. मजुरी आठ महिन्याची, दोन हजार. वाख घेतला चार हजार किलो. अन् विक्रीत दोर सहा हजार किलो! वरचे दोन हजार किलो कायचे वळू, आमच्या केसाचे?"

सोसायटीतली तुळसाबाई पदरात हसली, पण लगेच घाबरली. "कर ना बाई सही. दहा घरं वाट पाहून राह्यली."

वामनराव ओशाळले. विक्रीचा तक्ता उमरखेडच्या मंजूर योजनेवरून उतरवला होता. तिकडे नदीला बारमाही पाणी, म्हणून बारा महिने. "पण त्यानं शिल्लक चार हजार दिसते. आठ महिने धरले तर काहीच दिसणार नाही. कोण मंजूर करील?"

"दिसू द्या ना जेवढी हाये तेवढी. हप्ता कागद नाही भरत, आमी भरतो."

तिनं सही केली नाही. वामनरावांनी कुरकुरत नवे तक्ते मांडले. दोर चार हजार किलो, दीड रुपयानं सहा हजार. वाख, पंचफुलाच्या सांगण्यावरून, चव्वेचाळीसशे किलो, पाऊण रुपयानं तेहतीसशे. मजुरी दोन हजार. शिल्लक सातशे, वर्षाचा हप्ता सहाशे.

"नामंजूर झाली तर माझ्यावर खापर फोडू नका. मी घेऊन जात नाही," वामनराव उठले.

"मी जातो," पंचफुला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस्टीनं यवतमाळला गेली. कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबांनी बसायला सांगितलं नाही. तिनं आपणच खुर्ची ओढली. त्यांचं बोट वर्णनावरून मजुरीवर, तिथून वाखावर गेलं आणि थबकलं.

"शिल्लक फारच कमी आहे, बाई. त्यात दोर चार हजार आणि वाख चारशे किलो जास्त? चुकलं इथं."

"चुकलं नाही, साहेब. विंचरताना चुरा निघते. पयल्या पानावर लिवलं हाये, धा किलो दोराले अकरा किलो वाख."

साहेबांनी पान उलटून पाहिलं. मग त्यांनी पुन्हा सगळे तक्ते एकेक करून त्या ओळीशी ताडून पाहिले. शेवटी, हप्ता शिलकेत बसतो हे पाहून, त्यांनी मंजुरीचा शिक्का उचलला.

"कोणी लिहिलं हे?"

"लिवलं वामनरावानं," ती म्हणाली. "जुळवलं म्या."