मानकऱ्याची मुलगी

पोझिशनॅलिटी स्टेटमेंट म्हणजे प्रबंधाच्या सुरुवातीला दीड पान कबुलीजबाब. आपण कोण, कुठून आलो, अभ्यासातल्या लोकांशी आपलं काय नातं, आणि त्याने उत्तरांत काय फरक पडला असेल, हे संशोधकाने आपणहून सांगायचं. कल्पना चांगली आहे. आमच्या विभागात मात्र तिचं रेशनकार्डाच्या अर्जासारखं झालं होतं. जात, लिंग, भाषा, आणि शेवटी ‘मला माझ्या विशेषाधिकारांची जाणीव आहे’ हे ठरलेलं वाक्य. एवढी जाणीव झाली की माणूस कँटीनमध्ये चहा प्यायला मोकळा.

माझा विषय घरचाच होता. लोअर परळच्या एका चाळीत आमच्या कोकणातल्या गावाची गावकीची खोली आहे. गिरणीत आलेल्या पहिल्या पिढीने ती घेतली, ग्रामदेवतेची तसबीर लावली, आणि तिथे दरवर्षी पूजा होते. देवीसमोरचा नारळ फोडायचा मान आमच्या घराचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मी स्टेटमेंटमध्ये ऐटीत लिहिलं होतं: ‘मी या समुदायाची आहे, त्यामुळे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलले.’ गाइड मॅडमनी ते दोनदा परत पाठवलं. शेरा एकच, ‘अजून आत्मचिंतन हवं.’ मी दोन्ही वेळा विशेषणं वाढवून दिली.

चौथं प्रकरण मानपानावर होतं. ज्यांना मान नाही त्या घरांतल्या बायकांची त्याबद्दल तक्रार नाही, असा माझा निष्कर्ष होता. त्याचा मोठा आधार गावकीतल्या एक काकी. परळला राहतात, नवरा गिरणीत होता, आता हयात नाही. पूजेच्या दिवशी स्वयंपाक आणि भांडी त्यांच्या घराकडे. मी तीनदा त्यांच्याकडे गेले, तिन्ही वेळा त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. ‘सगळा बरा चलता गो,’ एवढंच म्हणाल्या. खुर्चीची नोंद मी वहीत ‘आपुलकी’ म्हणून केली. आज ती वही उघडली की मला स्वतःची शिसारी येते.

चौथ्या वेळी मला ताप होता. विभागातली मैत्रीण माझ्याऐवजी गेली. ती गिरगावातली, ख्रिश्चन, आमच्या देवीशी तिचा काडीचा संबंध नाही. संमतीपत्रावर सहसंशोधक म्हणून तिचंही नाव होतं. ती पाऊण तासाचं रेकॉर्डिंग घेऊन आली. माझ्या तिन्ही भेटींची मिळून पंधरा मिनिटं भरत नव्हती.

काकींच्या नवऱ्याने एकदा बैठकीत विचारलं होतं, नारळ दरवर्षी एकाच घराने का फोडायचा? त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या घरी प्रसाद पाठवला गेला नाही. भांडी मात्र त्यांनीच घासली. प्रसाद थांबवायचं ठरवणारे माझे वडील. मैत्रिणीने विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? काकी म्हणाल्या, ‘मानकऱ्याचा चेडू येता. त्येच्यासमोर मी काय बोलतलंय?’

मॅडम खूश झाल्या. ‘आता खोली आली. हे सगळं घाल.’ मी म्हटलं, गावकीत मानकरी एकच, प्रसाद थांबलेलं घरही एकच. माझं नातं लिहून हा प्रसंग घातला की नाव बदललं तरी काकी कोण हे शेंबडं पोरही सांगेल. मॅडम म्हणाल्या, ‘मग थोडं धूसर कर.’ दुसऱ्याची अब्रू खर्चताना त्यांचा हात असा सढळ.

मी काकींकडे गेले. या वेळी खुर्ची नाकारून खाली बसले, फार उशिरा सुचलेला नम्रपणा. टेप ऐकली, हे सांगितलं. त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, ‘ता पुसून टाक. लिवचा तर तुझ्या बापाशीचा लिव, माझा नको.’

मी त्यांच्यासमोरच रेकॉर्डिंग पुसलं, मैत्रिणीनेही तिच्याकडचं पुसलं. निष्कर्ष काढून टाकला, प्रकरण निम्म्यावर आलं, सबमिशन एक सत्र पुढे गेलं. स्टेटमेंटमध्ये लिहिलं: ‘मी मानकऱ्याची मुलगी आहे. माझ्यासमोर कुणी तक्रार केली नाही, यावरून तक्रार नव्हती असं मानता येत नाही.’ मॅडमनी समासात लिहिलं, ‘धाडसी.’ मला ते वाचून बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

त्या वर्षीच्या पूजेला मी गेले. वडिलांनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा नेहमीसारखा माझ्या हातावर ठेवला. काकी बाहेर पॅसेजमध्ये टोप घासत होत्या, तिथून त्यांना मी दिसत होते.

मी तो तुकडा खाल्ला.