उकळलंय न्हवं?

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

आम्ही कोल्हापुरात एका भिंतीआड राहायचो — मी लिंगायत, पद्मजा जैन. नव्वदच्या दशकात तिनं पर्युषणात दहा उपवास धरले. अन्नाचा कण नाही. दिवसातून एकदाच, सूर्य असताना, गाळून उकळलेलं पाणी. कच्च्या पाण्यात जीव असतात, ते पोटात जाऊ नयेत म्हणून.

आठव्या दिवशी तिच्या सासूबाई बस्तीत — जैन मंदिराला आम्ही बस्तीच म्हणतो — अभिषेकाला गेल्या. पाण्याचं काम माझ्यावर सोपवलं. माझ्या घरात अंडंही शिजत नाही, म्हणून हा विश्वास. मी दुहेरी फडक्यानं पाणी गाळलं, तिच्याच गॅसवर पातेलं चढवलं. बुडाशी बारीक बुडबुडे धरले आणि सिलिंडर संपला.

माझा गॅस दहा पावलांवर होता. दहाच! मग मी का गेले नाही? सकाळपासून पोळ्या लाटून कंटाळले होते? की म्हटलं, गरम तर झालंय — कोणाला कळतंय? आजही मला सांगता येत नाही.

"उकळलंय न्हवं?" पद्मजानं विचारलं.

"व्हय की."

ती पाटावर बसली, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी म्हणाली आणि प्याली. मी बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. तिचा नवरा म्हणाला, उपवास सोड आता. सासूबाई माझ्याकडं आल्या. "तू चार शब्द लिहून दे गं, तिच्या उशाशी ठेवती. तुझं ऐकती ती."

मी लिहिलं — 'पद्मजा, आठ दिवस तू निभावलेस, उरलेले दोनही निभावशील. तुझ्या धीरापुढं मी हात जोडते. तुझ्या व्रताला कुठंही गालबोट नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता — थांबला, आणि पुढं गेला. खरं लिहिलं असतं, तर तिनं मुनिमहाराजांकडून प्रायश्चित्त घेतलं असतं. त्यांच्यात दोषाला वाट असते. ती वाट मीच बंद केली.

ती उठून बसली. दहा पूर्ण केले. अकराव्या सकाळी पारण्याला मुगाच्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या चिठ्ठीनं तारलं बघा." मी हसले. मला लाज वाटली, भीतीही वाटली — आणि खरं सांगू? बरंही वाटलं.

तिचं व्रत मोडलं का? न कळता मोडलेलं मोडतं का? की मोडलं ते माझंच काही? मला अजून उलगडत नाही.

पुढं ती गडमुडशिंगीला राहायला गेली. काही वर्षांनी, हातात मोबाईल आल्यावर, तिचा मेसेज आला. सोळा उपवास धरलेत. ती चिठ्ठी पूजेच्या पोथीत अजून आहे, पण अक्षरं पुसट झालीत. पुन्हा पाठव.

मी सबंध दुपार मोबाईल घेऊन बसले. मग तोच मजकूर टाईप केला. गालबोटाचं वाक्यसुद्धा.