मानेतली गाठ

शिंपीकाकांच्या मानेत एक बारीक गाठ होती. नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करवून सांगितलं, "साधी गाठ आहे, घाबरू नका. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." काका निर्धास्त झाले, पण दुसऱ्याच दिवशी कापड बेतताना हात पुन्हा मानेकडे गेला. मग पुन्हा तपासणी, पुन्हा दिलासा आणि पुन्हा शंका. बायकोलाही ते उठसूट विचारत, "बघ गं, वाढलीय का?"

शेवटी डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवायची काकांना लाज वाटली, म्हणून घरी न सांगता त्यांनी लांबचा दवाखाना गाठला. आत खुर्चीत त्याच बाई! रजेवरच्या डॉक्टरांच्या जागी बसलेल्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता दुखतेय हो," ते पुटपुटले.

"दिवसभर दाबल्यावर दुखणारच. तुमची भीती खरी आहे, काका. पण दर वेळी तपासलं की मन म्हणतं, तपासलं म्हणूनच वाचलो. मग ते पुन्हा तपासायला लावतं. आज तपासत नाही. ठरल्या तारखेला या. तोवर हात लावायचा नाही, कुणाला विचारायचं नाही."

घरी पोचताच बायको सवयीने म्हणाली, "नाही हो वाढलेली."

काकांची मान खाली गेली. "आता हे सांगत जाऊ नकोस," ते म्हणाले आणि कुठे जाऊन आलो ते त्यांनी तिला सांगून टाकलं.