भरतच्या अर्जातली रास

आमच्या सावळारामदादानं, म्हंजी माझ्या थोरल्या भावानं, जन्मात दोनच कागद मन लावून वाचले. एक सातबारा, दुसरा लग्नाचा बायोडाटा. खोडदमध्ये कुणाचंबी लग्न जमायचं तर कागद आधी दादाकडं. रास, उंची, मामा कुठले, सगळं तोंडपाठ!

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्याचा पोरगा भरत बीएस्सी झाला. एका शनिवारी पोरानं भेळीची पुडी सोडली, तर कागदावर जाहिरात. मंचरकडच्या एका दूध शीतकरण केंद्रात लॅब असिस्टंट पाहिजे, अर्ज आणि बायोडाटा ईमेलनं पाठवा. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. ईमेल करायचा तर नारायणगावला, आणि तिथली लाईट लोडशेडिंगनं जायची चारला!

दादानं पोराला गाडीवर घातलं आणि नारायणगाव गाठलं. मी तिथंच ब्लाऊजपीस घ्यायला गेले व्हते. म्हटलं चला, हे बघायलाच पाहिजे.

राकेशचा सायबर कॅफे म्हंजी प्लायवूडची चार खुराडी. चपला बाहेर काढायच्या, वहीत नाव लिहायचं, मग खुर्ची. राकेश म्हणाला, "भाऊ, मी शेजारच्या कॉम्प्युटरवर भरतचं ईमेल खातं काढतो. तवर तुमी वर्डमध्ये बायोडाटा टाईप करा."

दादाची छाती फुगली. "बायोडाटा व्हय? लिही. उंची पाच फूट सात इंच. रंग निमगोरा."

"आण्णा, नोकरीचा हाय हा!" भरत बापाला म्हणाला.

"मग काय नोकरीला बुटकं चालतंय? लिही. रास कन्या. मामा निरगुडसरचे. शेती तीन एकर बागायत."

पोरगं बापाला न्हाई म्हणंना. इंग्रजीत करून एका बोटानं बडवत राहिलं. मी तोंडाला पदर लावून हसत व्हते. "दादा, अपेक्षा बी लिही की, मुलगी सुशील पाहिजे म्हणावं!"

राकेशनं येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्यानं ती सेव्ह करून बाजूला ठेवली आणि दुसरी फाईल उघडली, कुण्या आधीच्या पोराचा तयार नमुना. "यात नाव, पत्ता, मार्क बदला, बास. अर्जबी हाय आणि बायोडाटाबी." भरतनं खुशीनं बदलायला घेतलं.

दादानं चष्मा लावून पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये काय लिवलंय?"

भरत वरमला. "मला लॅबचा दोन वर्षांचा अनुभव हाय, असं."

"कुठं घेतलास?"

"नाय घेतला. त्या पोराचा राहिलाय. असू द्या आण्णा, अनुभवाशिवाय कोण घेतंय?"

"अनुभव न्हाई कसा!" दादा असा ओरडला की शेजारच्या खुराड्यातला माणूस डोकावला. "गावच्या डेरीवर पहाटे पाचला कोण जातंय? सॅम्पल घेऊन मशीनवर फॅट काढायची, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायची, पाणी घातलेलं दूध परत लावायचं. खुद्द माझं परत लावलं व्हतंस, लक्षात हाय माझ्या! किती वर्षं झाली?"

"तीन."

"मग दोन कशाला लिवतोस?"

पोरगं खुर्चीत सरळ बसलं. मग टाईप करायला लागलं. फॅट, डिग्री, रोजचे साठ सॅम्पल, नोंदवही, सगळं अर्जातबी घातलं. आता बोटं चांगली पळत व्हती. अर्ज वेगळा, बायोडाटा वेगळा, दोन्ही सेव्ह केले.

तेवढ्यात लाईट गेली. चारला पंधरा मिनिटं कमी असतानाच! यूपीएस पीं पीं करायला लागला. "पाच मिनिटं हायत," राकेश ओरडला. "ॲटॅच करा, पाठवा!" भरतनं पत्ता घातला, अर्ज जोडला, बायोडाटा जोडला. फोनची लाईन कासवासारखी. एकदाची पडद्यावर 'सेंट' आलं आणि पडदा काळा.

गाडीपाशी येईतो भरतचं तोंड उतरलं. "आण्णा, मी 'बायोडाटा' नावाची फाईल जोडली. ती तुमी सांगितलेली व्हती. माझी 'भरत बायोडाटा' व्हती."

लाईट आठपर्यंत येणार न्हाई. मुदत पाचची.

दादानं गाडीला किल्ली लावली. मग म्हणाला, "त्यात खोटं काय हाय? रास कन्याच हाय तुझी."

भरत आठ दिवस नीट जेवला न्हाई. जाहिरातीत फोन नंबर मागितला व्हता, आणि दादाकडं फोन न्हाई, म्हणून अर्जात शेजारच्या माझ्या घरचा दिलेला. नवव्या दिवशी वाजला. तिकडून बाई म्हणाली, "भरत आहेत का? अर्ज वाचला. रोज साठ सॅम्पल काढलेला माणूस आम्हाला बघायचाय. सोमवारी दहाला मुलाखत." आणि मग हसू दाबत, "येताना बायोडाटा मात्र नोकरीचा आणा. मामा कुठले ते कळलं."

मी धावत जाऊन सांगितलं. दादानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बघ, वाचलं का न्हाई सगळं?"

रविवारी दोघं परत राकेशकडं. या खेपेला भरतनं पडद्यावरचं सगळं बापाला मराठीत करून वाचून दाखवलं, आणि मगच प्रिंट काढली.