नॅस, डोमेन आणि दहा मिनिटं

मोहोपाड्याच्या कारखान्यात आमची सर्व्हरची खोली जिन्याखाली होती. खोली म्हणायचं ते आदरापोटी. आत आळस द्यायचा तर आधी दार उघडावं लागे. त्या खोलीत मी एका शनिवारी दुपारी बारा वाजता शिरलो आणि माझ्या हिशेबाने साधारण सात वर्षांनी बाहेर पडलो.

संध्याकाळी सहाला मला कळंबला पोचायचं होतं. मुलगी बघायला. आईवडील सकाळीच पुढे गेले होते.

आणि नेमकं त्याच दिवशी नॅस आलं. नॅस म्हणजे साऱ्या ऑफिसच्या फायलींचं सामायिक कपाट. डबा छोटा, पण आत खोपोलीपासून कर्जतपर्यंतचे कागद मावतील. जुन्या कपाटाचा पासवर्ड वेगळा होता आणि तो प्रत्येकाच्या मॉनिटरवर चिठ्ठी लावून टांगलेला. मॅनेजरांनी फर्मान काढलं होतं : सोमवारपासून सकाळी कॉम्प्युटर ज्या नावाने उघडता, त्याच नावाने फायली उघडायच्या. त्यासाठी नॅस डोमेनला जोडायचं. डोमेन म्हणजे सर्व्हरवरचा आमचा हजेरीपट : कोण माणूस, त्याचा पासवर्ड काय, कुठल्या गटातला. त्या पटाला विचारूनच नॅसने दार उघडायचं.

"झाल्याशिवाय उठायचं नाही," म्हणून मॅनेजर दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसले. त्यांच्या देहाने दार असं भरलं की माशीलाही गेटपास लागला असता.

"साहेब, मला कळंबला..."

"पाच मिनिटांचं काम, असं तूच म्हणाला होतास ना?"

म्हणालो होतो. ही जीभ मला अजून कुठल्या कुठल्या खोल्यांत कोंडणार आहे, देव जाणे.

डोमेनचं नाव घातलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड घातला, 'जोडा' दाबलं. जमलं नाही. पासवर्ड इतक्या वेळा तपासला की मला तो झोपेत उलटा म्हणता आला असता. मग लक्षात आलं, नॅस डोमेनचा पत्ता बाहेरच्या इंटरनेटला विचारतंय; त्याला आमचा हजेरीपट कसा ठाऊक असणार? डीएनएसमध्ये, म्हणजे पत्ते कुणाला विचारायचे त्या रकान्यात, आमच्या सर्व्हरचा पत्ता घातला. आता सर्व्हर सापडला, पण जोडणी तरीही होईना. चार वाजले. बाहेरून आईचा फोन. मॅनेजर म्हणाले, "उचल, पण स्पीकरवर."

"निघालास का रं?"

"निघतोच आहे," मी म्हणालो. मॅनेजर खोकले.

शिपाईकाका मॅनेजरांच्या खांद्यावरून चहा घेऊन आले. "आरं, हाय का नाय ते जोडलेलं?"

"नाय ना, काका."

"मग नवरदेवाला इथंच बाशिंग बांदू का?"

शेवटी नॅसची नोंदवही उघडली. कारण साधं लिहिलेलं : दोन्ही यंत्रांच्या वेळेत फार अंतर आहे. डोमेन ओळख पटवून देतं ती वेळेचा शिक्का मारून, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की शिक्का खोटा समजतं.

मी कपाळावर हात मारला. आमच्या कारखान्यात कंपनीची बस चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. कुणा पूर्वजाने सर्व्हरही तसाच लावला, आणि सगळे कॉम्प्युटर वेळ सर्व्हरची घेतात, म्हणून ते आपसात गुण्यागोविंदाने पुढे होते. आम्ही सगळे वेळ बघताना मनातल्या मनात दहा वजा करतो. मीही करत होतो, इतक्या सवयीने की दिसलंच नाही. नॅस मात्र बाहेरून खरी वेळ आणत होतं. सगळ्या कारखान्यात तेवढंच एक खरं बोलणारं, म्हणून त्याला आत घेत नव्हते!

"साहेब, सर्व्हरची वेळ बरोबर करू?"

"वेडा का? सोमवारी अर्धा स्टाफ बस चुकवेल."

मग नॅसला सांगितलं, बाबा रे, वेळ आमच्या सर्व्हरची घे. ते दहा मिनिटं पुढे गेलं आणि पहिल्या फटक्यात जोडलं गेलं. खरेदीच्या गटाला खरेदीचं फोल्डर दिलं, हिशेबवाल्यांना हिशेबाचं. हिशेबाच्या बाईंना बोलावलं. त्यांनी आपल्याच लॉगिनने फोल्डर उघडलं, पासवर्ड न विचारता. खरेदीच्या फोल्डरने त्यांना हाकललं, तेव्हा मॅनेजर स्टुलावरून उठले.

कर्जतमार्गे मोटारसायकल अशी पिटाळली की मागून धूळ दुसऱ्या दिवशी पोचली. तरी कळंबला साडेसात झाले. पोह्यांच्या बशा धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मुलीच्या वडिलांना मी सगळं सांगितलं. सर्व्हर, शिक्का, दहा मिनिटं.

ते शांतपणे म्हणाले, "पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही म्हणता? तुमच्या यंत्राचं आणि माझं अगदी जुळतंय हो."

आणि दारापर्यंत सोडायला आले.