मधलं नाव वडिलांचं

माझं लग्न तोंडावर आलं होतं आणि सासरच्यांनी माझं नवं नाव ठरवूनही टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं. पहिलं नाव बदलणार, मधे नवऱ्याचं नाव येणार, आडनाव तर जाणारच. वडिलांचं नाव माझ्यातून कायमचं पुसलं जाणार होतं, आणि मला ते नको होतं. वडील मनमाडला रेल्वेत होते. साऱ्या भाऊबंदांचे टोमणे खाऊन त्यांनी मला पुण्याला रशियन शिकायला पाठवलं. त्याच रशियनच्या जोरावर मी सत्तरच्या दशकात नाशिकजवळच्या विमान कारखान्यात दुभाषी झाले होते.

पण ‘नको’ म्हणायची माझी छाती होत नव्हती. आई म्हणायची, “सगळ्यांचंच बदलतं, तू काय आभाळातून पडलीस?”

एका सकाळी एका रशियन इंजिनियरच्या मुलाच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. इंजिनियर कामासाठी परगावी गेलेला. मी, त्याची बायको आणि तो मुलगा कारखान्याच्या जीपने शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. अपेंडिक्स होतं, लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. सहीसाठी मुलाची आई पुढे झाली आणि खिडकीतल्या कारकुनाने पेन मागे ओढलं.

खरी नावं सांगत नाही. मुलाच्या बापाला व्हिक्टर पेत्रोव म्हणू आणि बाईच्या वडिलांना पावेल. म्हणजे मुलाच्या कागदावर मधे व्हिक्टरोविच, शेवटी पेत्रोव. बाईच्या ओळखपत्रावर मधे पावलोव्ना, शेवटी पेत्रोवा.

कारकून मला म्हणाला, “मॅडम, या बाईंचे मिस्टर पावलो कुणीतरी. पोराचा बाप व्हिक्टर. आडनावही जरा वेगळंच दिसतंय. या आई कशा? पोराच्या खऱ्या पालकांना बोलवा.”

चूक त्याची एकट्याची नव्हती. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या मधल्या नावाकडे कुणीही बघितलं की नवराच दिसतो. पण पोरगं आत कळवळत होतं आणि हा तिथे वंशावळ काढत बसला होता. माझं डोकं फिरलं.

“पावलोव्ना म्हणजे पावेलची मुलगी. पावेल तिचे वडील आहेत,” मी म्हटलं. “त्यांच्यात मधे बापाचंच नाव लागतं, मुलाला आणि मुलीलाही. व्हिक्टरची मुलगी असती तर व्हिक्टरोव्ना झाली असती. भावंडं ओळखायची तर मधलं नाव जुळवायचं. लग्नानंतर बहिणीचं आडनाव बदललं तरी तिचं मधलं नाव भावाच्या मधल्या नावाशी जुळतं. पेत्रोवची बायको पेत्रोवा होते, आडनाव एकच. सगळ्यांचं तसं होत नाही. युक्रेनच्या बाजूची ‘एन्को’ने संपणारी आडनावं नवरा-बायको दोघंही न बदलता तशीच लावतात. पण नवरा-बायकोचं मधलं नाव जुळवायला बघाल तर रशियनांच्या सबंध कॉलनीत एक जोडपं सापडणार नाही तुम्हाला!”

मी मुलाचा रशियन जन्मदाखला समोर आपटला. त्यावर आईबापाची तिन्ही नावं होती. बोट ठेवून मी एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि म्हटलं, “मराठीत लिहून खाली माझी सही करते. खोटं निघालं तर माझी नोकरी घ्या.”

कारकून नरमला, पण हातातलं पेन काही सोडेना. “लग्नानंतरही बापाचंच नाव? मग नवऱ्याचा काय मान राहिला?”

बाईने मला विचारलं, हा काय म्हणतोय? मी सांगितलं. तिला आधी ते कळलंच नाही. मग रडता रडता ती चिडून म्हणाली, “लग्न झालं म्हणून माझे वडील बदलले का?”

मी ते त्याला मराठीत सांगितलं. हे वाक्य कित्येक दिवस मीच शोधत होते. कारकुनाने पेन पुढे केलं. तिने सही केली. ऑपरेशन झालं, पोरगं वाचलं.

लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहायचं होतं. मी ताट माझ्याकडे ओढून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे काय? त्याने लिहायचं असतं!”

“माझं नाव मला लिहिता येतं,” मी म्हटलं.

मांडवात कुजबुज सुरू झाली. मी आधी माझं नाव लिहिलं, मग वडिलांचं आणि शेवटी माहेरचं आडनावही. सासूबाई बडबडायला लागल्या, तशी मी त्यांना विचारलं, “लग्न झालं म्हणून माझे वडील बदलले का?”

वडील मांडवाच्या खांबाजवळ उभे होते. ते पुढे आले, ताटात वाकून स्वतःचं नाव वाचलं आणि सगळ्यांदेखत रडले. ताटातलं नाव पुसायला मग कुणाचाच हात पुढे झाला नाही.