मॅडमचा फोन आणि ह्यांची अर्धी हिंदी

आमचे हे, सुकदेव मोहाडीकर, लग्नाच्या आधीपासून नागपुरात ऑटो चालवतात. घरात मराठी, सवारीशी हिंदी, आणि भांडण लागलं की एकाच वाक्यात दोन्ही. पोलीस, बँकवाले, डॉक्टर समोर आले की मान देऊन हिंदीच बोलायची, ही ह्यांची रीत. पण खरं दुखणं तोंडून निघतं ते मराठीतच.

महिनाभर छाती धरून बसत होते. मी ओढतच दवाखान्यात नेलं. नवीन डॉक्टर मॅडम मदुराईच्या, ना हिंदी, ना मराठी. त्यांनी टेबलावर फोन ठेवला. आपण बोलायचं, तो मॅडमला इंग्रजीत सांगणार. वर आपलं बोलणं उमटतं, खाली त्याचं इंग्रजी.

"कुछ नहीं मॅडम, थोडा गॅस है," हे म्हणाले. मग आवाज खाली गेला. "पण भोवंड येते जी, काहीच दिसत नाही मंग... बाकी सब ठीक है."

फोन घडाघडा बोलला. मॅडमनी हसून गॅसच्या गोळ्या लिहायला घेतल्या.

माझी नजर फोनवर होती. वर देवनागरीत तेवढं गॅसचं आणि 'सब ठीक'चं उमटलं होतं. मधलं गायब! फोन अडखळला असता तरी कळलं असतं. हा मेला तर सफाईनं बोलून मोकळा.

"थांबा मॅडम!" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. फोन हिंदी ऐकायला लावला होता. मी "मराठी, मराठी" म्हटलं, तसा मॅडमनी तो मराठीवर केला. आता ह्यांनी पुन्हा सुरू केलं, "जी मॅडम, वो कभी-कभी..." वर नुसता शब्दांचा चिवडा.

"अवं, मराठीत बोला ना!"

"डॉक्टरशी मराठीत? बरं दिसते का?"

"त्यायच्याकडे पाहूच नका. मले सांगा. घरी सांगता तसं."

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "काल शाळेची पोरं होती ऑटोत. फाटकाजवळ डोळ्यापुढं अंधार झाला. शुद्धीवर आलो तं ऑटो नालीत टेकला होता. पोरं रडत होती. तुले सांगितलं नाही. ऑटो बंद करशील म्हणून."

काल ह्याच माणसाला मी गरम पोळ्या वाढल्या होत्या.

फोनला आमची नागपुरी धड कळली नाही. वाक्यं तुटकीच आली. मग मीच तो तोंडाजवळ घेतला. शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत, एकेक वाक्य थांबून सांगितलं, "काल ऑटो चालवताना माझे पती बेशुद्ध झाले. ऑटोत मुलं होती." दुसऱ्या वाक्याला रडू फुटलं, तर मेल्याला तेही कळेना. पुन्हा सांगावं लागलं.

मॅडमनी गोळ्यांचा कागद फाडला. फोनवरूनच एकेक प्रश्न उलटून विचारला, ह्यांनी मान हलवली. मग छातीची पट्टी, ते ईसीजी, काढायला आत नेलं.

आत जाताना ह्यांनी ऑटोची चावी माझ्या हातात दिली.